सुई आत गेली, मगज आला नाही : एका ‘ड्राय टॅप’चं प्रकरण

रुग्ण सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार, वय ५४. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तीन-चार महिन्यांपासून बागेत एक फेरी मारली तरी धाप लागायची. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं. मधल्या काळात हिरडी दोनदा सुजून पू झाला होता. गावातल्या डॉक्टरांनी सीबीसी केली. त्यात हिमोग्लोबिन ७.८, पांढऱ्या पेशी २,१०० आणि प्लेटलेट ४१,००० निघाल्या. लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही पेशी एकदम कमी, म्हणजे पॅनसायटोपेनिया. ही काही आजाराची पाटी नव्हे. हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, हा रक्तपेशींचा कारखाना. त्या कारखान्यात माल बनत नाही किंवा बनलेला माल वाटेत कुठेतरी अडकतो आहे, एवढंच त्यावरून कळतं.

माळकरी घर, मांस-मच्छी नाही, दूधही चहापुरतं. बी-१२ तपासलं तर १४२ आलं, म्हणजे स्पष्ट कमी. आपल्याकडे शाकाहारी माणसाच्या तिन्ही पेशी कमी झाल्या की बी-१२ चा विचार आधी करतात आणि ते रास्तच आहे. बी-१२ च्या कमतरतेमुळे मॅरोचं चित्र इतकं बिघडतं की नवख्या डोळ्याला तो रक्ताचा कर्करोग वाटावा. इंजेक्शनं सुरू झाली. पण खरं कारण तेच असेल तर आठवडाभरात रक्तातल्या कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, झपाट्याने वाढायला हव्यात. दहाव्या दिवशी त्या ०.६ टक्क्यांवरच होत्या आणि तीन आठवड्यांनी सीबीसी जागची हललेली नव्हती. कमतरता खरी होती, पण आजार तिच्यामुळे नव्हता. सोनोग्राफीत प्लीहा १९ सेंटीमीटर निघाली. ती साधारण १२-१३ पर्यंत असते. यकृत आणि तिथली मोठी रक्तवाहिनी ठीक होती, म्हणजे यकृताच्या आजारामुळे प्लीहा फुगली असंही म्हणता येत नव्हतं. आता हाडातला मगज पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

तो एकदा पाहूनही झाला होता. आमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी बोन मॅरो काढला होता आणि त्याचा अहवाल तीन ओळींचा होता : नमुना रक्ताने पातळ झालेला, मगजाचे कण नाहीत, अभिप्राय देता येत नाही, तपासणी पुन्हा करावी. हाडाचा तुकडा काढतात ती बायोप्सी घेतलेलीच नव्हती. ‘प्लेटलेट कमी आहेत, उगाच जास्त टोचायला नको’ असं कारण नातेवाइकांना सांगितलं होतं. हेतू चांगला असेल, पण त्या दयेपायी माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागलं.

मी स्लाइड वाचणारा माणूस. त्यामुळे सुईच्या आधी बोटातल्या रक्ताची स्लाइड बघायची, हा आमचा शिरस्ता. पांढऱ्या पेशींत ६६ टक्के लिम्फोसाइट होत्या आणि मोनोसाइट शंभरात एकही नाही. मोनोसाइट कमी असलं की फारसं कुणी लक्ष देत नाही. पण प्लीहा मोठी, तिन्ही पेशी कमी आणि मोनोसाइट गायब, हे तीन धागे एकत्र आले की एका विशिष्ट आजाराचं नाव मनात येतंच. इथे मशीनच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण या आजारातल्या पेशींनाच मशीन कधीकधी मोनोसाइट म्हणून मोजतं. पांढऱ्या पेशी इतक्या विरळ होत्या की साध्या स्लाइडवर हाती काही लागेना. म्हणून रक्त फिरवून वर जमलेल्या पांढऱ्या थराची वेगळी स्लाइड केली. तिच्यात पाच-सहा पेशी अशा दिसल्या की त्यांची कड गुळगुळीत नव्हती, झिरमिळ्या सुटल्यासारखी होती. शंका आली, पण शंकेवर उपचार करता येत नाहीत.

टेबलावर येण्याआधी

रुग्णापेक्षा त्यांच्या बायकोला जास्त धास्ती होती. ‘मणक्यात सुई घालतात म्हणे. माणूस लुळा पडला तर काय करायचं, डॉक्टर?’ हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. मणक्यातून पाणी काढतात ती तपासणी वेगळी. ‘मावशी, आपण मणक्याला हातच लावत नाही,’ असं म्हणून मी माझ्या कमरेवर ती जागा दाखवली. कमरेच्या मागे दोन बाजूंना ज्या खळ्या पडतात, त्यांच्या जवळ कटीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो. सुई तिथे जाते. ते हाड जाड असतं, त्वचेच्या जवळ असतं आणि मज्जारज्जू तिथून लांब असतो. पूर्वी छातीच्या मधल्या हाडातूनही मगज ओढत. पण ते हाड पातळ आणि त्याच्या मागे हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणून आता ती जागा क्वचितच निवडतात आणि बायोप्सी तर तिथून कधीच घेत नाहीत.

दुसरी भीती रक्तस्रावाची. प्लेटलेट ४१,००० असताना हाडात भोक पाडायचं कसं? इथे सामान्य समज आणि वस्तुस्थिती यांत मोठं अंतर आहे. प्लेटलेट कमी असणं हेच ज्या तपासणीचं नेहमीचं कारण, ती प्लेटलेट कमी आहेत म्हणून टाळून चालत नाही. त्या २०,००० च्या खाली असल्या तरी जागा नीट दाबून धरून ती करतात. खरी काळजी घ्यायची ती हिमोफिलियासारखे रक्त गोठण्याचे दोष असतील तर, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००१ या काळातल्या ५४,८९० तपासण्यांची नोंद पाहिली तेव्हा गंभीर गुंतागुंती २६ निघाल्या आणि त्यांत रक्तस्राव सर्वांत जास्त होता. म्हणून आमचा पहिला प्रश्न ‘हृदयाची गोळी घेता का?’ असाच असतो. ‘रक्त पातळ करणारी’ म्हटलं की लोक नाही म्हणतात आणि खिशातून अॅस्पिरिनची पट्टी निघते. हे गृहस्थ काहीच घेत नव्हते. अशी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ती देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.

उपाशी राहावं लागत नाही, कारण जागा तेवढी बधिर करतात. लहान मुलांना मात्र भूल देतात आणि फारच घाबरलेल्या मोठ्या माणसाला झोपेचं औषध देता येतं. मग उपाशी यावं लागतं आणि सोबत कुणीतरी लागतं.

टेबलावर

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. जागा आयोडीनने पुसून निर्जंतुक कापड टाकलं. मग दोन टक्के लिग्नोकेन. आधी त्वचेखाली थोडं, त्याने काही सेकंद चांगलंच चुरचुरतं. नंतर लांब सुईने थेट हाडापर्यंत जाऊन हाडाच्या वरच्या पातळ आवरणात बाकीचं, एका ठिपक्यावर नाही तर रुपयाएवढ्या जागेत पसरून. वेदनेचे तंतू त्या आवरणात दाट असतात. तिथे औषध नीट पोचलं तर पुढचं सगळं सोपं जातं. मग चार-पाच मिनिटं थांबायचं. घाईत हीच मिनिटं खाल्ली जातात, आणि ‘मला फार दुखलं हो’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या तक्रारीचं मूळ तिथे असतं.

लिग्नोकेनची मर्यादाही आधीच सांगून ठेवावी. ते हाडाच्या पोकळीत पोचत नाही. सुई आत जाताना दाब जाणवतो, दुखत नाही. पण सिरिंजने मगज ओढताना एक विचित्र, खेचल्यासारखी कळ मांडीपर्यंत जाते आणि तीन-चार सेकंदांत विरते. ती येणार हे ठाऊक असलेला माणूस अंग चोरत नाही. ‘मामा, आता ओढतोय, मोठा श्वास घ्या,’ असं आमच्या सहकाऱ्याने म्हटलं आणि सिरिंजचा दांडा मागे घेतला.

काहीच आलं नाही. ते कळ सोसून दात आवळून पडलेले, आणि सिरिंज कोरडी. सुई थोडी फिरवली, किंचित पुढे नेली, पुन्हा ओढलं. तळाशी पातळ रक्ताचा एक थेंब. अर्ध्या सेंटीमीटरवर दुसरी जागा घेतली, तिथेही तेच. यालाच ड्राय टॅप म्हणतात.

एरवी इथे काय व्हायला हवं? पहिल्या ओढीत साधारण अर्धा मिलीलिटर मगज येतो आणि तेवढाच स्लाइडसाठी घ्यायचा असतो. हावरटपणाने जास्त ओढलं तर आजूबाजूचं रक्त मिसळतं आणि नमुना पातळ होतो. तो काचेवर टाकून काच तिरकी धरली की रक्त खाली ओघळतं आणि मागे रव्यासारखे, चरबीने चकाकणारे कण राहतात. कण दिसले म्हणजे मगज आला. ते तिथल्या तिथे काचेवर पसरायचे, कारण नमुना मिनिटभरात गोठू लागतो. पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीसाठी आणि गुणसूत्रांच्या तपासणीसाठी लागणारा नमुना त्यानंतरच्या ओढीतला.

कोरडी सिरिंज पाहून ‘सुई नीट लागली नाही’ असं समजून सोडून देण्याचा मोह होतो, आणि कधीकधी ते खरंही असतं. पण सुई हाडात घट्ट उभी आहे, सोडली तरी डुलत नाही आणि दोन जागांवर काही येत नाही, तेव्हा त्या न येण्यालाही अर्थ असतो. अडचण अशी की अर्थ एक नसतो. मगजात पेशीच उरल्या नसतील तरी सिरिंज कोरडी राहते. पेशी खचाखच भरून एकमेकींना चिकटल्या असतील तरी कोरडीच राहते. आत तंतूंचं जाळं विणलं गेलं असेल, किंवा दुसरीकडचा कर्करोग हाडात उतरला असेल, तरीही तेच. रिकामा कारखाना आणि गच्च भरलेला कारखाना बाहेरून सारखेच दिसतात आणि दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. यातला फरक फक्त बायोप्सी सांगू शकते. कारण तिच्यात पेशी ओढून काढत नाहीत, त्या जिथे जशा बसल्या आहेत तसा हाडाचा तुकडाच बाहेर येतो.

जमशिदी सुई घेतली. ही पोकळ आणि टोकाकडे निमुळती असते, त्यामुळे आत शिरलेला तुकडा परत सटकत नाही. त्वचेवरचं छिद्र तेच ठेवलं, पण हाडावरची जागा थोडी बाजूला घेतली, नाहीतर मघाच्या ओढाताणीत रक्त साकळलेला भाग तुकड्यात येतो. कवचातून आत गेल्यावर मधला दांडा काढला आणि सुई उजवीकडे-डावीकडे फिरवत दोन सेंटीमीटर पुढे नेली. मग आतल्या आत तुकडा सुटावा म्हणून ती पूर्ण वेढे देऊन फिरवली आणि हळूहळू बाहेर काढली. या सगळ्याला मिनिटभर लागतं. रुग्णाला कुणीतरी कमरेवर जोर लावतंय असं वाटतं, दुखलंच तर सुई फिरताना बोथट ठणका लागतो.

तुकडा १.९ सेंटीमीटर, पेन्सिलीतल्या शिशासारखा बारीक. तो डोळ्यांनी पाहायलाच हवा. पांढरा, चकचकीत, कठीण असेल तर ते नुसतं कवच. निळसर गुळगुळीत असेल तर कूर्चा. दोन्ही निरुपयोगी. खडबडीत, तांबूस, मधूनमधून जाळीदार दिसला की काम झालं. पंधरा मिलीमीटरांहून आखूड तुकड्यावर मत देताना आम्ही बिचकतो. प्रक्रियेत तो आणखी आक्रसतो, आणि आजार मगजात ठिकठिकाणी विखुरलेला असला तर नेमका मधलाच भाग हाती यायचा.

मगज आला नव्हता, म्हणून एक गोष्ट मुद्दाम केली. तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी चार काचांवर अलगद टेकवून लोळवला. त्याच्या अंगावरच्या पेशी काचेवर उमटतात. ही टच इम्प्रिंट करायला एक मिनिट पुरतं. फॉर्मलिनमध्ये तुकडा बुडाला की ती संधी गेली. त्याच छिद्रातून दुसरा छोटा तुकडा घेऊन सलाइनमध्ये ठेवला. त्यातल्या पेशी मोकळ्या करून फ्लो सायटोमेट्री करता येते. दुसऱ्या तुकड्याबद्दल त्यांना आधीच विचारलं होतं. ‘एकदाच काय ते काढून घ्या, पुन्हा नको,’ हे त्यांचं उत्तर.

मग जागा दहा मिनिटं बोटांनी दाबली, ड्रेसिंग केलं आणि अर्धा तास त्याच जागेवर भार येईल असं उताणं झोपवलं. चोवीस तास पाणी लावायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेन नाही, कारण आधीच कमी असलेल्या प्लेटलेटचं कामही त्या गोळ्या बिघडवतात. तीन-चार दिवस मुका मार लागल्यासारखं दुखतं. ड्रेसिंग रक्ताने भिजलं, दुखणं उतरण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला किंवा पाय बधिर वाटला तर थांबायचं नाही, यायचं. फोन केवळ एकदा आला, अंघोळ करू का विचारायला.

काचेखाली

संध्याकाळी इम्प्रिंट रंगवून पाहिल्या. मध्यम आकाराच्या पेशी, घेवड्याच्या बीसारखं केंद्रक, भोवती फिकट निळा द्रव आणि कडेला त्याच झिरमिळ्या. सकाळपर्यंत तोंडी कळवण्याइतकी खात्री झाली.

लेखी अहवालाला मात्र आठवडा लागला. त्याबद्दल लोक वैतागतात. लॅबमध्ये तुकडा पडून राहतो असं नाही. हाड आहे, ते सरळ कापता येत नाही. फॉर्मलिनमध्ये एक दिवस मुरवून मग त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. कडक आम्लाने हे काम काही तासांत उरकतं, पण आम्ल पेशींतला डीएनए खराब करतं. पुढे जनुकाची तपासणी लागणार हे दिसत असेल तर ईडीटीएसारखं संथ रसायन बरं, भले दोन दिवस जास्त जावोत.

कापात आलेलं चित्र असं होतं. या वयात मगजाचा जवळपास निम्मा भाग चरबीचा असतो. इथे चरबी जेमतेम दहा टक्के उरली होती आणि बाकी सगळं एकाच जातीच्या पेशींनी व्यापलेलं. पेशी एकमेकींना खेटून नव्हत्या. प्रत्येकीभोवती मोकळी कड होती. चांदीच्या रंगाने तंतू काळे करून दाखवणारी रेटिक्युलिन तपासणी केली आणि सिरिंज कोरडी का राहिली ते समोर आलं : प्रत्येक पेशीला बारीक काळ्या धाग्यांचा वेढा होता. या पेशी स्वतःच भोवती तंतू विणून घेतात आणि त्यांतच अडकून बसतात. सिरिंजने कितीही ओढा, त्या सुटत नाहीत.

आजार हेअरी सेल ल्युकेमिया. रक्ताचा, सावकाश वाढणारा, दुर्मीळ कर्करोग. पुरुषांत बायकांच्या सुमारे चौपट. अमेरिकेत बर्था बोरॉन्कल यांनी १९५८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ सगळ्या रुग्णांत ब्राफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल, व्ही६००ई, असतो. आमच्या तुकड्यातही तो सापडला. फ्लो सायटोमेट्रीत सीडी११सी, सीडी२५ आणि सीडी१०३ या तिन्ही खुणा होत्या. शंकेला जागा उरली नाही.

‘फवारणीमुळे झालं का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. काही अभ्यासांत कीटकनाशकांशी संबंध आढळला आहे, पण एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही, असंच उत्तर द्यावं लागलं. मुखपट्टी बांधून फवारा, असं सांगायला मात्र कुठल्या अभ्यासाची गरज नाही.

पुढे

१९९० च्या आसपास क्लॅड्रिबिन आलं आणि या आजाराचं पारडं फिरलं. त्याआधी बराच काळ प्लीहा काढणं हाच मोठा उपाय होता. उपचाराआधी छातीचा सीटी स्कॅन करून क्षय नाही याची खात्री करून घेतली, कारण या आजारात क्षय आणि त्याच्या जातीचे संसर्ग लपून बसतात आणि औषधाने प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. क्लॅड्रिबिन पाच दिवस शिरेतून दिलं. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी आणखी उतरून ताप आला, तो अँटिबायोटिकवर गेला. असा ताप येणार हे धरूनच चालावं लागतं. अडीच महिन्यांत हिमोग्लोबिन १२ वर आणि प्लेटलेट दीड लाखाच्या पुढे गेल्या.

बोन मॅरो पुन्हा करायचा तो चार ते सहा महिन्यांनी. त्याआधी केला तर मगज सावरत असतो आणि चित्र दिशाभूल करतं. त्यांचा पाचव्या महिन्यात केला. या वेळी पहिल्याच ओढीत सिरिंजमध्ये मगज आला आणि काचेवर कण दिसले. तरीही बायोप्सी घेतलीच. तिथे ‘मगज आलाय की, आता कशाला?’ म्हणून मावशींनी हटकलं. या आजाराच्या उरल्यासुरल्या पेशी तंतूंतच दडतात आणि सिरिंजमध्ये येणाऱ्या नमुन्यात सापडतीलच असं नाही. या पेशी उठून दिसाव्यात म्हणून तुकड्यावर सीडी२० चा रंग दिल्यावर इकडेतिकडे मोजक्या पेशी दिसल्या. तंतू बरेच विरघळले होते, चरबी परतली होती. एवढ्यावर लगेच औषध देत नाहीत. दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि प्लीहेवर हात ठेवून तपासणी, इतकंच. आजार काही वर्षांनी परत येऊ शकतो हे त्यांना माहीत आहे. आला तर तेच औषध बहुधा पुन्हा लागू पडतं.

शेवटच्या भेटीत त्यांच्या हातात अहवालाबरोबर दोन गोष्टी दिल्या : स्लाइडची डबी आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊन भागत नाही, त्यांना काच स्वतः पाहावी लागते. ब्लॉकमधून आणखी काप काढता येतात, म्हणून दरवेळी नव्याने टोचावं लागत नाही. ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण वितळतं, एवढं त्यांच्या मुलाला बजावून सांगितलं.